बाबांचं चॅट कोणाकडे मागायचं?

आई किंवा वडील गेल्यावर मुलांनी मेसेजिंग कंपनीला लिहिलेली पत्रं साधारण एकाच साच्यातली असतात. ‘माझ्या वडिलांचं अमुक तारखेला निधन झालं. मी त्यांची मुलगी आणि वारस आहे. सोबत मृत्यूचा दाखला जोडला आहे. कृपया त्यांच्या खात्याचा पासवर्ड मिळावा.’ बँकेत, एलआयसीत, वीज मंडळात असाच अर्ज देऊन कामं झालेली असतात. त्यामुळे इथेही होईल असं वाटणं साहजिक आहे. उत्तर मात्र चार ओळींचं येतं, इंग्रजीत, आणि नकाराचं. माणूस आधीच दमलेला असतो. ‘या कंपन्यांना काही मायाममता नाही’ असं म्हणून तो विषय सोडून देतो.

पण त्या नकाराचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात कंपनीकडे मेसेज असतात आणि ती ते देत नाही. दुसऱ्या प्रकारात तिच्याकडे मेसेज नसतातच. आपल्याकडे बहुतेक घरांत प्रश्न येतो तो व्हॉट्सॲपचा, आणि तो दुसऱ्या प्रकारात मोडतो. २०१६च्या एप्रिलपासून तिथला प्रत्येक मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या सर्व्हरवर तो पोचेपर्यंतच थांबतो. समोरच्याचा फोन बंद असेल तर जास्तीत जास्त तीस दिवस राहतो, तोही कुलपातच, आणि मग पुसला जातो. बाबांचं गेल्या दहा वर्षांचं बोलणं कंपनीच्या कुठल्या कपाटात पडलेलं नाही. ते आहे घरातल्या टीपॉयवर, चार्जिंग संपत आलेल्या त्या फोनमध्ये. आणि बहुधा त्याची एक प्रत गूगल किंवा ॲपलच्या बॅकअपमध्ये आहे.

समजा, नाशिकचे एक निवृत्त शिक्षक ३ मार्चला गेले. मुलगी पुण्यात नोकरीला, आई नाशिकला. वडिलांचा फोन अँड्रॉइड, सिम प्रीपेड. ते पंचवीस जणांची भिशी चालवत आणि हप्त्यांचा हिशेब व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करून ठेवत. मुलीला दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली तो हिशेब, कारण दहाव्याच्या आतच दोघांनी ‘आमचे पैसे यायचेत’ असं सुचवलं आहे. दुसरी, गेल्या वर्षी वारलेल्या आत्याचे बाबांना आलेले व्हॉइस मेसेज. मुलीचं आणि बाबांचं आपसातलं चॅट तिच्या स्वतःच्या फोनवर आहेच, त्यासाठी कोणाला पत्र लिहायची गरज नाही. भिशीच्या ग्रुपवरचं बोलणं पंचवीस जणांकडे आहे. आत्याचा फोन तिच्या मुलाकडे असेल तर व्हॉइस मेसेजची दुसरी प्रत तिथे सापडेल. पण स्वतःला केलेल्या मेसेजला दुसरा माणूसच नसतो. तो हिशेब बाबांच्या फोनवर आणि बॅकअपमध्ये सोडून जगात कुठेही नाही. कंपनीला पत्र लिहिण्याआधी ही विभागणी कागदावर करून पाहावी. मागायच्या गोष्टींपैकी बऱ्याचशा नातेवाइकांकडेच निघतात.

उरलेल्या गोष्टींसाठी घाई करावी लागते. घरातली नेहमीची आवराआवरच इथे घात करते. फोन ‘उगाच बॅटरी खातो’ म्हणून बंद केला जातो. सिमचं रिचार्ज ‘आता कशाला’ म्हणून थांबवलं जातं. आणि लॉक उघडेना म्हटल्यावर कोणीतरी फोन कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानात नेतो. दुकानदार सांगतो, ‘लॉक काढून देतो, फॉरमॅट मारावं लागेल.’ आजच्या फोनमधली माहिती स्क्रीनलॉकशी बांधलेल्या किल्लीनेच उघडते. लॉक काढून माहिती वाचवण्याची सोय नेहमीच्या दुकानात नाही आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही नाही. फॉरमॅट मारला की हिशेब गेला.

नाशिकच्या या घरात एक आशेची जागा आहे. बऱ्याच घरांत नवऱ्याच्या फोनला बायकोचंही बोट नोंदवलेलं असतं. पण फोन बंद करून पुन्हा चालू केला की पहिल्यांदा बोट चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो. शिवाय फोन अधूनमधून आपणहूनही पिन मागतो. म्हणून आईचं बोट चालतंय तोवरच, फोन चार्जरला लावून, त्याच बैठकीत काम उरकायचं. स्वतःशी असलेलं चॅट उघडायचं, वरच्या तीन ठिपक्यांतून ‘मोअर’ आणि मग ‘एक्सपोर्ट चॅट’ निवडायचं. ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मुलीच्या ईमेलवर जातं. फोटो-व्हॉइससकट हवं असेल तर तसा पर्याय येतो, पण मग मेसेजची संख्या मर्यादित राहते. म्हणून आधी नुसता मजकूर काढावा आणि आत्याचे व्हॉइस मेसेज एकेक करून पाठवावेत. घरातल्या लॅपटॉपवर बाबांचं व्हॉट्सॲप वेब उघडं असेल तर तेही लगेच पाहावं. मुख्य फोन चौदा दिवस वापरला नाही की असे जोडलेले लॅपटॉप आपोआप बाहेर पडतात, म्हणजे आपल्या उदाहरणात १७ मार्चच्या आसपास.

आईचं बोट नसेल आणि पिनही माहीत नसेल तर उरतो बॅकअप. तो उघडायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाबांचा तोच मोबाइल नंबर, बॅकअप ज्यावर आहे ते गूगल खातं, आणि बाबांनी व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावला असेल तर तो. यातला नंबर सर्वांत नाजूक. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. म्हणजे रिचार्ज थांबवलं तर जूनच्या सुरुवातीला ते जाण्याच्या बेतात असेल, आणि ओटीपीचे एसएमएस त्याआधीच थांबलेले असतील. बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणून छोटं रिचार्ज चालू ठेवावं आणि मृत्यूचा दाखला, इतर वारसांची ना-हरकत आणि आपली ओळखपत्रं घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत सिम स्वतःच्या नावावर करून घ्यावं. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सिम चालू आहे म्हणून त्यावर येणाऱ्या ओटीपीने बाबांच्या बँक खात्यातून पैसे काढायचे नाहीत. रक्कम आपल्याच घरची असली तरी तो गुन्हा ठरू शकतो.

बाकीची घड्याळंही चालू असतात. व्हॉट्सॲपशी एकशेवीस दिवस न जोडलेलं खातं कंपनी साधारणपणे काढून टाकते. आपल्या हिशेबात ती तारीख १ जुलै. गूगलवरचा बॅकअप पाच महिने ताजा झाला नाही तर तो आपोआप पुसला जाऊ शकतो, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला. वर्षश्राद्धापर्यंत थांबून निवांत पाहू म्हणणाऱ्याच्या हाती काही राहत नाही.

बॅकअप उतरवतानाही एक चूक हटकून होते. नव्या फोनवर बाबांचा नंबर टाकला, ओटीपी आला, ॲपने विचारलं ‘जुनं चॅट परत आणू का?’ आणि घाईत ‘स्किप’ दाबलं गेलं. ॲप रिकामं उघडतं. बॅकअप चालू केलेला असेल तर रात्री दोनच्या सुमाराला ते आपला रिकामा बॅकअप त्याच गूगल खात्यावर चढवतं आणि जुना जातो. म्हणून सिम दुसऱ्या फोनमध्ये घालण्याआधी त्या फोनवर बाबांचं गूगल खातं जोडलेलं आहे ना, हे पाहावं. ‘बॅकअप सापडला नाही’ असं दिसलं तर तिथेच थांबावं. आणि बाबांनी बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड किंवा चौसष्ट आकडी किल्ली लावली असेल, ही सोय २०२१पासून आहे, तर ती सापडल्याशिवाय तो बॅकअप कोणालाही उघडत नाही. गूगललाही नाही, व्हॉट्सॲपलाही नाही. डायरीची शेवटची पानं, कपाटाच्या दाराची आतली बाजू, जुन्या फोनच्या खोक्यातली चिठ्ठी, अशा जागी ती शोधावी.

मग पत्राचा उपयोग कुठे? ज्या कंपनीच्या सर्व्हरवर वाचता येईल असा मजकूर खरोखर आहे तिथे. ईमेल, आयक्लाउड बॅकअपमधले मेसेज, फेसबुकवरची जुनी बोलणी या गोष्टी त्या गटात येतात. फेसबुक मेसेंजरने सरसकट कुलूप लावायला २०२३च्या डिसेंबरात सुरुवात केली, त्याआधीचं बरंच काही कंपनीकडे होतं. इथे नकार मिळाला तर तो धोरणाचा असतो आणि धोरणाशी वाद घालता येतो.

असा वाद जर्मनीत शेवटपर्यंत गेला. बर्लिनच्या भुयारी रेल्वे स्थानकात २०१२ साली गाडीखाली येऊन पंधरा वर्षांची एक मुलगी गेली. तो अपघात होता की आत्महत्या, हे आईवडिलांना कळायला हवं होतं. तिचा फेसबुकचा पासवर्ड आईला माहीत होता. पण तोवर खातं ‘स्मृतिखातं’ झालं होतं आणि पासवर्ड चालेना. खालच्या कोर्टात आईवडील जिंकले, वरच्या कोर्टात हरले. अखेर १२ जुलै २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की फेसबुकबरोबरचा करार वारसांकडे जातो, आणि डायऱ्या व पत्रं वारसाहक्काने मिळतात तसंच हे खातंही मिळतं. समोरच्या मित्रमैत्रिणींच्या खासगीपणाचा मुद्दा फेसबुकने मांडला होता. न्यायालयाचं म्हणणं असं की मेसेज एका खात्यावर पाठवला जातो, आणि पाठवणाऱ्याला ते खातं पुढे कोणाच्या हाती जाईल याची खात्री तशीही नसते. त्यानंतर कंपनीने काय दिलं? एक पेनड्राइव्ह, त्यात चौदा हजारांहून जास्त पानांची एक पीडीएफ. आईवडील पुन्हा कोर्टात गेले आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने सांगितलं की असं चालणार नाही, वापरणाऱ्याला दिसतं तसं खातं पाहता आलं पाहिजे.

हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण वकिलाला उल्लेख करायला उपयोगी आहे. भारतात मृताच्या चॅटबद्दल थेट बोलणारा कायदा नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १४मध्ये नामनिर्देशनाची तरतूद आहे. आपल्यानंतर आपले हक्क कोणी वापरायचे, हे माणूस हयातीत नोंदवू शकतो. ज्यांनी नोंदवलं नाही त्यांच्या मुलांसाठी त्यात काही नाही. शिवाय त्या कायद्यातला हक्क आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा आहे, प्रत्येक मेसेजची प्रत मागण्याचा नाही. मृताच्या खासगीपणाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली सुशांतसिंह राजपूत प्रकरणात म्हटलं की तो हक्क त्या व्यक्तीबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही. मला यातून दोन अर्थ दिसतात. ‘तुमच्या वडिलांचा खासगीपणा जपतो आहोत’ हे कंपनीचं कारण इथे लंगडं पडतं. पण बाबांशी बोललेली माणसं हयात असतात आणि त्यांचा खासगीपणा शाबूत असतो. कंपनी या मुद्द्यावर अडते तेव्हा ती अगदीच चुकीची असते असं मला वाटत नाही. वडिलांकडे मन मोकळं केलेल्या त्यांच्या मित्राला, ते सगळं उद्या मित्राची मुलगी वाचेल, ही कल्पना नसते.

म्हणून चांगलं पत्र मोजकं मागतं. पासवर्ड तर मागतच नाही, कारण कंपन्या तो कधीच देत नाहीत आणि तो शब्द दिसला की ठरावीक छापील उत्तर येतं. आपल्या उदाहरणातल्या मुलीने, बाबांचं जुनं चॅट सर्व्हरवर असलेल्या एखाद्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायचं, तर पत्र साधारण असं असावं. पाठवताना सोबत इंग्रजी प्रत जोडावी.

‘विषय: मृत खातेदाराचे खाते जतन करणे व मर्यादित मजकूर मिळणे.

माझे वडील, अमुक नंबर व ईमेलवर नोंदलेल्या खात्याचे धारक, ३ मार्च रोजी नाशिक येथे निवर्तले. मी त्यांची मुलगी असून माझी आई व मी अशा दोनच वारस आहोत. आईचे संमतिपत्र जोडले आहे.

माझी पहिली विनंती अशी की, या अर्जाचा निर्णय होईपर्यंत हे खाते निष्क्रिय ठरवून काढून टाकू नये व त्यातील मजकूर पुसू नये.

दुसरी विनंती, या खात्याचा कोणता मजकूर आपल्या सर्व्हरवर वाचता येण्याजोग्या स्वरूपात आहे व कोणता नाही, हे कळवावे.

तिसरी विनंती, खालील मजकुराची प्रत मिळावी: (१) वडिलांनी स्वतःलाच पाठवलेल्या नोंदी, मागील जानेवारीपासून ३ मार्चपर्यंतच्या. त्यात अन्य कोणाचे संभाषण नाही. भिशीच्या पंचवीस सभासदांची देणी चुकती करण्यासाठी त्या आवश्यक आहेत. (२) वडील व त्यांची दिवंगत बहीण यांच्यातील संभाषण. बहिणीच्या मुलाचे संमतिपत्र जोडले आहे. अन्य कोणाशी झालेले संभाषण मी मागत नाही. पासवर्डही मागत नाही.

विनंती अमान्य असल्यास ती कोणत्या नियमानुसार अमान्य केली आणि न्यायालयाचा आदेश लागणार असल्यास त्यात नेमके कोणते उल्लेख असावेत, हे लेखी कळवावे.’

पत्राचा खरा जोर शेवटच्या परिच्छेदात आहे. उदाहरणार्थ, ॲपलने अशा आदेशात काय हवं ते सांगून ठेवलं आहे: मृताचं नाव आणि ॲपल खातं, अर्जदाराचं नाव, ते खातं मृतच वापरत होता हे, अर्जदार कायदेशीर प्रतिनिधी किंवा वारस आहे आणि त्याची संमती कायद्याने पुरेशी आहे हे, आणि कंपनीने सहकार्य करावं असा हुकूम. यातला एक उल्लेख राहिला तर कोर्टातून आणलेला कागद वाया जाण्याची भीती असते. आपल्याकडे लोक बँकेसाठी काढलेला उत्तराधिकार दाखला जोडतात, पण तो येणी आणि रोख्यांपुरता असतो. महाराष्ट्रात १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालय जे वारस प्रमाणपत्र देतं, ते वारस म्हणून ओळख दाखवायला जास्त कामाचं. त्या अर्जातच खात्याचा उल्लेख आणि वरचे मुद्दे मागून घेता येतील का, हे वकिलाला सुरुवातीलाच विचारावं. मृत्यूचा दाखला फक्त मराठीत असेल तर नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर लागतं.

पत्र पाठवलं की तारीख लिहून ठेवावी. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने चोवीस तासांत पोच द्यायची आणि ठरावीक मुदतीत निर्णय करायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तीस दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर ऑनलाइन अपील करता येतं. समिती कुलपातला मजकूर काढून देऊ शकत नाही. पण मोघम नकारामागचं कारण वदवून घेण्याचा कोर्टापेक्षा स्वस्त मार्ग तो आहे.

हे सगळं टाळायचं असेल तर ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी येत्या रविवारी त्यांच्याशेजारी बसावं. गूगल खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. ठरवलेले महिने खातं वापरलं गेलं नाही तर निवडलेल्या माणसांना त्यातली माहिती मिळते. आयफोनवर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नोंदवला तर मागे राहिलेल्याला एक किल्ली आणि मृत्यूचा दाखला पुरतो, कोर्टात जावं लागत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप मात्र गूगलच्या त्या सोयीत येत नाही. त्यासाठी फोनचा पिन, व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन आणि बॅकअपचा पासवर्ड एका कागदावर लिहून तो मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवावा. आणि आईवडिलांनी ‘हे चॅट कोणी वाचू नका’ असं सांगितलं, तर त्याच बैठकीत ते पुसून टाकायला त्यांना मदत करावी.